पंचाहत्तर, बावन्न की सदतीस महिने? फ्रीलान्सरच्या तुकड्या-तुकड्यांच्या कामांना फुल-टाइम पदाच्या मापाने गुण देताना

पुण्यातल्या एका मध्यम आकाराच्या सॉफ्टवेअर कंपनीला सीनियर बॅकएंड इंजिनियर हवा आहे. जाहिरातीत पायथन-जँगोचा ५ वर्षांचा अनुभव, पोस्टग्रेस या डेटाबेसची चांगली जाण, चालू प्रॉडक्ट सांभाळण्याची तयारी, ज्युनियरना मार्गदर्शन आणि ग्राहकाशी थेट बोलून गरज समजून घेण्याची हातोटी एवढं मागितलं आहे. मे २०२४ मध्ये एका उमेदवाराचा अर्ज येतो. पाच वर्षांत नऊ प्रोजेक्ट, सगळे कंत्राटी, आणि नोकरी एकही नाही. प्रकरणातले आकडे हिशोब कळावा म्हणून बेतले आहेत, पण असे अर्ज रोज येतात आणि त्यांचा निकाल बहुधा पहिल्या चाळणीतच चुकीचा लागतो.

चाळणी लावणाऱ्याने नेहमीचं काम केलं. नऊ कामं, एकूण ७५ महिने, म्हणजे एका ठिकाणी सरासरी ८.३ महिने. शेऱ्यात लिहिलं, ‘वारंवार नोकरी बदलते, टिकणार नाही.’ सहा महिन्यांचं काम सहा महिन्यांत संपवून देणं हाच जिथे करार होता, तिथे ‘टिकली नाही’ हा शेरा लागूच होत नाही. दुसरीकडे उमेदवारानेही स्वतःचं नुकसान करून घेतलं होतं. रेझ्युमेच्या पहिल्याच ओळीत ‘६ वर्षांहून अधिक अनुभव’ होतं, आणि पहिलं काम जून २०१९ चं. मे २०२४ पर्यंत ६० महिनेच होतात, मग ७५ आले कुठून?

आधी कामांची यादी नीट मांडून घेऊ. ‘भार’ म्हणजे आठवड्याच्या ४० तासांपैकी साधारण किती वेळ त्या कामाला गेला.

| काम | काळ | महिने | भार | काय होतं |
|---|---|---|---|---|
| क१ | जून–ऑगस्ट २०१९ | ३ | पूर्ण | हॉटेलचं बिलिंग |
| क२ | ऑक्टोबर २०१९–मार्च २०२० | ६ | अर्धा | शाळेच्या फी-सॉफ्टवेअरची दुरुस्ती |
| क३ | जानेवारी–एप्रिल २०२० | ४ | अर्धा | एका एजन्सीसाठी एपीआय |
| क४ | ऑगस्ट २०२०–जुलै २०२१ | १२ | अर्धा | ट्रान्सपोर्ट कंपनीचं बुकिंग-डिस्पॅच |
| क५ | नोव्हेंबर २०२०–फेब्रुवारी २०२१ | ४ | पाव | जुना डेटा नव्या सिस्टीमवर नेणं |
| क६ | सप्टेंबर २०२१–फेब्रुवारी २०२२ | ६ | पूर्ण | फिनटेक कंपनीत पाच जणांच्या टीममध्ये |
| क७ | मे २०२२–एप्रिल २०२४ | २४ | पाव | क४ च्याच कंपनीची देखभाल |
| क८ | जून–डिसेंबर २०२२ | ७ | अर्धा | दवाखान्यांच्या अपॉइंटमेंट |
| क९ | फेब्रुवारी–ऑक्टोबर २०२३ | ९ | पाऊण | गोदामातला साठा, आणखी दोघांबरोबर |

महिन्यांचा रकाना नुसता बेरजेला टाकला की ७५ येतात, कारण एकाच वेळी चाललेली कामं दोनदा मोजली जातात. कॅलेंडरवर ज्या महिन्यात किमान एक काम चालू होतं असे महिने मोजले तर ५२ भरतात. उरलेल्या आठपैकी सात महिने दोन कामांच्या मधले आहेत, त्यात मे ते जुलै २०२० हे टाळेबंदीतले तीन, आणि आठवा अर्जाचा मे २०२४. आणि प्रत्येक कामाचे महिने भाराने गुणले (क४ चे १२ गुणिले अर्धा म्हणजे ६, क७ चे २४ गुणिले पाव म्हणजेही ६) तर बेरीज ३७.२५ येते, म्हणजे जेमतेम तीन वर्षं एक महिना.

तिन्ही आकडे खरे आहेत, फक्त ते वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. ‘ही किती दिवस या धंद्यात आहे?’ याचं उत्तर ५२. ‘हाताखालून किती काम गेलं?’ याचं उत्तर ३७. ७५ हे मात्र कोणत्याच उपयोगी प्रश्नाचं उत्तर नाही. तो आकडा दिसला की उमेदवार खोटं बोलते असं लगेच धरू नये. कामांचे महिने नुसते एकाखाली एक जोडले की अशीच बेरीज येते.

भार काढताना फार बारकाईत शिरू नये. तासावर बिल असेल तर इनव्हॉइसवरून तास मिळतात. ठोक रकमेचं काम असेल (इथे क५) तर अंदाजच करावा लागतो. पाव, अर्धा, पाऊण, पूर्ण एवढ्याच पायऱ्या ठेवलेल्या बऱ्या. फ्रीलान्सरचा कोटेशन देण्यात आणि पैसे वसूल करण्यात जाणारा वेळ बिलात दिसत नाही, तसाच नोकरदाराचा मीटिंगमध्ये आणि बेंचवर गेलेला वेळ त्याच्या पाच वर्षांतून कोणी वजा करत नाही. म्हणून ३७ हा आकडा गुण म्हणून वापरायचा नाही. तो फक्त तपासणीचा आकडा आहे. तो १२ निघाला असता तर पुढे जाण्याआधी थांबून विचारावं लागलं असतं.

खरा प्रश्न पाच वर्षांच्या अटीचाच आहे. फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर यांनी १९९८ मध्ये निवडीच्या पद्धतींवरचं ८५ वर्षांचं संशोधन एकत्र तपासलं. त्यात अनुभवाची वर्षं आणि पुढची कामगिरी यांचा संबंध ०.१८ इतका क्षीण निघाला, तर ठरावीक प्रश्नांच्या संरचित मुलाखतीचा ०.५१. पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये हे आकडे पुन्हा काढले तेव्हा बहुतेक पद्धतींचे आकडे खाली आले, पण संरचित मुलाखत यादीत सर्वांत वर राहिली. थोडक्यात, वर्षं हे कशाचं तरी बदली माप आहे. कशाचं, ते जागा काढणाऱ्या मॅनेजरलाच विचारायला हवं.

इथे एचआरने विचारलं, “सर, चार वर्षंवाला आला तर काय अडेल?” थोडा विचार करून मॅनेजर म्हणाले, “मला असा माणूस हवाय, ज्याने घेतलेला निर्णय वर्षभराने त्याच्याच अंगावर आलाय.”

फुल-टाइम जाहिरातीतल्या वर्षांमागे बहुतेकदा हेच दडलेलं असतं. आणि कंत्राटी कामांच्या गोधडीत नेमकी हीच जागा रिकामी राहण्याची भीती असते, कारण फ्रीलान्सर बांधून देतो आणि निघून जातो. छत गळलं तर ते दुसऱ्याला कळतं. गुणांची पट्टी म्हणूनच या मुद्द्याभोवती आखायला हवी.

प्रत्येक कामाला जाहिरातीच्या प्रत्येक ओळीसाठी ० ते ४ गुण ठेवले. त्या ओळीतलं काहीच केलं नसेल तर ०. दुसऱ्याच्या सांगण्यावरून थोडं केलं असेल तर १. आराखडा दुसऱ्याचा, पण काम स्वतः पार पाडलं असेल तर २. निर्णय स्वतः घेऊन काम पूर्ण केलं असेल तर ३. निर्णय स्वतःचा, तो वापरात गेल्यावर काय झालं ते पाहिलं आणि त्यावरून दुरुस्ती केली, तर ४. वर्षांचा उल्लेख पट्टीत कुठेच नाही. एकाच ग्राहकाची कामं जोडून एकच धरायची, म्हणून क४ आणि क७ मिळून एक काम झालं आणि नऊची आठ झाली. ही जोडणी बहुतेक जण करत नाहीत. रेझ्युमेत ही दोन कामं दोन वेगळ्या ओळींत, दोन वेगळ्या नावांनी लिहिलेली होती. जोडली नाहीत तर क४ मध्ये बांधलेल्या गोष्टीचं क७ मध्ये काय झालं, हा सर्वांत मोलाचा पुरावाच दिसत नाही.

पण रेझ्युमेवरून ही पट्टी भरता येत नाही. नऊ प्रोजेक्ट दोन पानांत बसवायचे तर एकेकाला दोन ओळी मिळतात आणि त्या ओळींत तंत्रांची नावंच असतात. रेझ्युमे एखाद्या बाबतीत गप्प असेल तर ० लिहायचा नाही, प्रश्नचिन्ह ठेवायचं. मग उमेदवाराकडून एक पानी तक्ता भरून घ्यायचा. दर कामाला पाचच प्रश्न: कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत, आठवड्याला किती तास, बरोबर किती माणसं, कोणता निर्णय तुमचा स्वतःचा, आणि आज ती सिस्टीम कोण चालवतं. शेवटचा प्रश्न सगळ्यात कामाचा. ज्याने मन लावून काम केलं त्याला बांधलेल्या गोष्टीचं पुढे काय झालं ते बहुधा माहीत असतं, मग उत्तर ‘वर्षभराने बंद पडली’ असं असलं तरी चालेल.

तक्ता आल्यावर दोन परीक्षकांनी एकमेकांशी न बोलता गुण दिले. आता प्रश्न आला की आठ कामांच्या गुणांवरून एका ओळीचा एक गुण कसा काढायचा. सरासरी घेतली तर अनर्थ होतो. पोस्टग्रेसचं उदाहरण घ्या. ट्रान्सपोर्टच्या कामाला ४, गोदामाच्या कामाला ३, दवाखान्याच्या कामाला १, बाकी पाच कामांत पोस्टग्रेसशी संबंधच नव्हता म्हणून ०. बेरीज ८, भागिले ८ कामं, सरासरी १. म्हणजे शाळेची फी-पावती दुरुस्त केली म्हणून पोस्टग्रेस कमी येतं, असा निष्कर्ष निघतो. उलट सर्वांत वरचा गुण घ्यावा तर एखादं नशिबाने जमलेलं काम सगळा भाव खाऊन जातं, आणि नऊ कामांत एखादं तसं निघतंच. म्हणून दुसऱ्या क्रमांकाचा गुण घ्यायचा. एका ठिकाणी जमलं तो योगायोग असू शकतो, दुसऱ्या ठिकाणीही जमलं तर ते अंगात आहे. पोस्टग्रेसला त्यामुळे ३ मिळाले. पायथन-जँगोलाही ट्रान्सपोर्टला ४ आणि फिनटेकला ३, म्हणून ३. ग्राहकाशी बोलण्याच्या ओळीत ट्रान्सपोर्ट आणि दवाखाने दोन्हीकडे ४ होते, म्हणून पूर्ण ४. स्वतःचं काम स्वतःच मिळवणारी माणसं या ओळीत बहुधा चांगले गुण घेतात.

‘चालू सिस्टीम सांभाळणं’ या ओळीला मात्र हा नियम लावायचा नाही. फुल-टाइम उमेदवारसुद्धा एका कंपनीत एकच सिस्टीम सांभाळतो, त्याच्याकडे दुसरी मागत नाही, मग फ्रीलान्सरकडे का मागायची? तिथे वरचाच गुण धरायचा, पण ते काम किमान १८ महिन्यांचं हवं. ट्रान्सपोर्टचं काम दोन तुकड्यांत मिळून ३६ महिन्यांचं आहे. अट पुरी होते, पण मतभेद इथेच झाला. एका परीक्षकाने ४ दिले, दुसऱ्याने २. दुसऱ्याचं म्हणणं असं की आठवड्याला दहा तासांची देखभाल म्हणजे बोलावल्यावर येणारा प्लंबर, घरात राहणारा माणूस नव्हे. दोघांचीही बाजू रास्त होती. अशा वेळी ३ वर तोडपाणी करून मोकळं व्हायचा मोह होतो. तसं केलं तर तो गुण पुराव्याने नाही, भिडेने पडतो. दोन किंवा जास्त गुणांचा फरक पडला की ती ओळ मुलाखतीत उघडायची, असं आधीच ठरवून ठेवलेलं बरं.

मुलाखतीत प्रश्न एवढाच होता: “तुम्ही स्वतः केलेल्या बदलामुळे चालू सिस्टीम अडकली, असा एक प्रसंग सांगा, आणि नंतर काय बदललं तेही सांगा.”

तिने सांगितलेला प्रसंग असा. डिस्पॅचच्या टेबलात एलआर नंबरवरून, म्हणजे बिल्टीच्या नंबरवरून, शोध मंद झाला होता. शोध वेगवान व्हावा म्हणून तिने इंडेक्स घातला आणि डेटाबेसमध्ये तो बदल करणारं मायग्रेशन दुपारी चालवलं. पोस्टग्रेसमध्ये साधं CREATE INDEX चालू असताना त्या टेबलात लिहिता येत नाही, वाचता येतं. त्यामुळे स्क्रीनवर जुन्या बिल्ट्या दिसत होत्या आणि नवी बिल्टी सेव्ह होत नव्हती. गोदामाच्या दारात ट्रक उभे राहिले आणि काही मिनिटांत मालकांचा फोन आला. नंतर नव्या नोंदी अडू नयेत म्हणून तिने इंडेक्स घालायची पद्धत बदलली ती अशी:

```python
class Migration(migrations.Migration):
    atomic = False
    operations = [
        AddIndexConcurrently(
            "dispatch",
            models.Index(fields=["lr_no"],
                         name="dispatch_lr_idx"),
        ),
    ]
```

एवढं वाचूनही सांगता येतं. परीक्षकाने पुढे विचारलं, “हे मध्येच फसलं तर?” तिचं उत्तर तयार होतं. अशा वेळी अर्धवट इंडेक्स INVALID अवस्थेत मागे राहतो. शोधाला त्याचा उपयोग होत नाही, पण प्रत्येक नोंदीच्या वेळी त्याचा बोजा पडत राहतो. तो आधी काढून टाकायचा आणि मग पुन्हा घालायचा. atomic = False केल्यामुळे फसलेलं मायग्रेशन आपोआप मागे फिरत नाही, हेही तिनेच सांगितलं. हा निर्णय तिच्या अंगावर आला होता, हे उघड होतं.

पण त्याच उत्तरात दुसरी बाजूही दिसली. अडचण कळली ती मालकांच्या फोनवरून. सिस्टीमवर लक्ष ठेवणारी, आपोआप इशारा देणारी कोणतीही व्यवस्था नव्हती, आणि आळीपाळीने ऑन-कॉल राहण्याचा अनुभव तिला नव्हता. नव्या पदावर दोन्ही लागणार होतं. दोन्ही परीक्षकांनी ३ लिहिले. आकडा मधलाच निघाला, पण आता त्याच्या शेजारी कारण लिहिता आलं.

टीमच्या, म्हणजे ज्युनियरना मार्गदर्शनाच्या, ओळीत फिनटेकच्या कामाला २ आणि गोदामाच्या कामाला १ होता, म्हणून गुण १. फिनटेकमध्ये तिच्या कोडचं परीक्षण इतर करत होते आणि ती इतरांच्या कोडचं करत होती. पण ज्युनियरला हाताशी धरून शिकवल्याचा पुरावा नव्हता. ‘फ्रीलान्सर म्हणजे एकलकोंडा’ या समजुतीने इथे न बघताच ० टाकला जातो आणि उमेदवार आवडला की ‘शिकेल हो’ म्हणून ३. मॅनेजरला विचारायचा प्रश्न वेगळा आहे. हे पहिल्या दिवशी लागणार की सहा महिन्यांनी? दोन ज्युनियर वर्षअखेरीस येणार होते. त्यामुळे ओळीचं वजन तेच राहिलं, पण ती बाद करणारी अट ठरली नाही.

वजनं अर्ज उघडण्याआधीच ठरली होती: पायथन-जँगो २५, पोस्टग्रेस २०, चालू सिस्टीम २५, टीम २०, ग्राहक १०. वजन गुणिले गुण केल्यावर ७५, ६०, ७५, २० आणि ४०, एकूण ४०० पैकी २७०, म्हणजे ६७.५ टक्के. उंबरठा ६० चा होता. वादाच्या ओळीत ४ धरले असते तर ७३.७५ आणि २ धरले असते तर ६१.२५ टक्के. दोन्ही टोकांना ती पार होते, म्हणजे निकाल एका परीक्षकाच्या मतावर लटकलेला नव्हता. हे गणित नेहमी करून पाहावं. टोकं उंबरठ्याच्या दोन बाजूंना पडली तर मुलाखतीतली ती ओळ आणखी खोदावी लागते.

गुण झाले तरी पडताळणी अडली. कंपनीच्या पडताळणी एजन्सीने नेहमीप्रमाणे यूएएनवरून पीएफचा इतिहास मागितला. तो कोराच होता, कारण पीएफ कर्मचाऱ्याचा कापतात, कंत्राटदाराचा नाही. अहवालावर लाल खूण आली. इथे आयकर खात्याकडची कापलेल्या कराची नोंद, म्हणजे फॉर्म २६एएस, कामी आला. त्या वर्षांत ग्राहकाने फी देताना १९४जे कलमाखाली साधारण १० टक्के (तांत्रिक सेवा धरली असेल तर २ टक्के) कर कापला असेल, तर तिथे कापणाऱ्याचं नाव आणि तारीख दिसत असे. काही ग्राहक कर १९४सी खाली १ टक्क्याने कापत. त्यावरून उमेदवारावर शंका घेऊ नये, कोणतं कलम लावायचं ते ग्राहकाकडे ठरतं. मर्यादाही लक्षात ठेवाव्यात. तारीख फी दिल्याची किंवा ग्राहकाने ती हिशोबात धरल्याची असते, कामाची नव्हे, आणि दोन-तीन महिन्यांचा उशीर सर्रास होतो. त्या वर्षांत एका ग्राहकाकडून वर्षाला ३०,००० रुपयांपेक्षा कमी फी असेल तर १९४जे खाली कर कापला जात नव्हता, म्हणून छोटी कामं त्यात दिसत नाहीत. परदेशी ग्राहक बहुधा भारतात कर कापत नाहीत, तिथे बँकेचं परकीय रकमेचं प्रमाणपत्र चालतं. इथे हॉटेलचं काम २६एएसमध्ये नव्हतं. एक इनव्हॉइस आणि बँकेतली जमा एवढ्यावर ते मान्य झालं.

रकमा मात्र खोडूनच मागवाव्यात. कामाचा काळ आणि ग्राहक पडताळायला रकमेची गरज नसते. आणि ती एकदा दिसली की पगाराच्या बोलणीत कोणी ना कोणी ती वापरतंच. फिनटेकच्या कामावर गुप्ततेचा करार होता. तिथे नावाऐवजी ‘मुंबईतली एक कर्ज देणारी कंपनी’ एवढं लिहून घेतलं आणि त्या टीमच्या लीडशी पाच मिनिटं फोनवर बोलून महिने जुळवले. दोन वेगळे पुरावे जुळले की पुरे. नऊ कामांना नऊ अनुभवपत्रं मागणं म्हणजे उमेदवाराला पळवून लावणं.

ऑफर देताना दोन गोष्टी कागदावर आल्या. ट्रान्सपोर्ट कंपनीची देखभाल एप्रिलमध्येच संपली होती, पण मालकांचे फोन थांबणार नाहीत हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून पहिले तीन महिने, कामाच्या वेळेबाहेर, हस्तांतरापुरती मदत चालेल, नवं काम घ्यायचं नाही, असं कलम घातलं. टीमच्या ओळीतला १ पहिल्या सहा महिन्यांच्या योजनेत गेला: आठवड्याला दोन कोड-परीक्षणं आणि ज्युनियर आल्यावर त्यातल्या एकाची जबाबदारी.

त्याच आठवड्यात जाहिरातही बदलली. ‘किमान ५ वर्षांचा अनुभव’ काढून तिथे लिहिलं, ‘स्वतः घेतलेला एखादा तांत्रिक निर्णय किमान वर्षभर वापरात राहिलेला आणि गरज पडली तेव्हा स्वतः दुरुस्त केलेला असावा, नोकरी, कंत्राट किंवा स्वतंत्र काम, कोणत्याही स्वरूपात.’